‘पुरे’ या शब्दाचे दोन अर्थ

कामसूत्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आसनांची चित्रं येतात. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणातला सातवा अध्याय फारसा कुणी वाचलेला नसतो. तो प्रणयातल्या प्रहारांविषयी आहे. हाताने कुठे आणि कसा आघात करतात, आणि त्या वेळी तोंडातून काय काय आवाज निघतात, याची वात्स्यायनाने त्यात शांतपणे नोंद केली आहे. त्या आवाजांत हुंकार आहेत, सुस्कारे आहेत आणि काही शब्दही आहेत: आईला हाक मारणारे, ‘नको’ या अर्थाचे, ‘सोड’ या अर्थाचे, ‘पुरे’ या अर्थाचे. प्रणयात माणूस ‘पुरे’ म्हणतं आणि त्याला ते पुरे नको असतं, असंही घडतं, हे साधारण सतराशे वर्षांपूर्वी आपल्याकडे लिहून ठेवलं गेलं.

त्याच अध्यायात थोडं पुढे तीन दुर्घटना येतात. चोल राजाच्या हातून चित्रसेना नावाची गणिका मेली. कुंतल देशाचा शातकर्णी सातवाहन याच्या हातून त्याची महादेवी मलयवती मेली. पांड्यांचा सेनापती नरदेव याचा हात अधू होता. त्याचा प्रहार चुकला आणि एका नर्तकीचा डोळा गेला. वात्स्यायन असले प्रहार निषिद्ध ठरवतो आणि समोरच्याची नाजूकता, ताकद ओळखून वागावं असं बजावतो. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचं घराणं, आणि कुंतल म्हणजे आजचा दक्षिण महाराष्ट्र आणि त्याला लागून असलेला कर्नाटकाचा भाग. म्हणून मलयवतीचं नाव माझ्या मनातून जात नाही. ती ‘पुरे’ म्हणाली असेल का? म्हणाली असेल, तर राजाला तो कुठला ‘पुरे’ वाटला असेल?

या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे. ज्या खेळात ‘नको’ हा शब्दही खेळाचा भाग होऊ शकतो, तिथे खरं ‘नको’ कसं सांगायचं?

उत्तर आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पकडापकडी रंगात आलेली असते, मुलं ‘सोड रे’, ‘जाऊ दे ना’ असं ओरडत असतात आणि कुणीही थांबत नाही, कारण ते ओरडणं खेळातलंच असतं. पण एखाद्याच्या पायात काटा गेला की तो हात वर करून ‘टाइम प्लीज’ म्हणतो. तेवढ्यावर सगळे जागच्या जागी थांबतात. त्या दोन शब्दांना खेळात दुसरा काहीही अर्थ नसतो. मोठ्यांच्या खासगी खेळात याच गोष्टीला सेफ वर्ड म्हणतात.

आधी किंक म्हणजे काय ते सांगतो. परंपरेने ‘सरधोपट’ मानल्या जाणाऱ्या शरीरसंबंधापलीकडची जी आवड असते, तिला सैलपणे किंक म्हणतात. जोडीदाराने डोळ्यांवर पट्टी बांधावी, हात बांधावेत, हुकूम द्यावा किंवा आपण द्यावा, थोडी वेदना व्हावी किंवा करावी, एखादी भूमिका वठवावी, असे तिचे नाना प्रकार आहेत. बांधणं, हुकमत, शरणागती आणि वेदना यांच्याशी संबंधित प्रकारांना मिळून बीडीएसएम म्हणतात. हा आजार आहे का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने 2013 सालच्या पाचव्या आवृत्तीत निव्वळ वेगळी आवड आणि विकार यांच्यात स्पष्ट रेघ ओढली. जागतिक आरोग्य संघटनेची जी रोगसूची 2022 पासून लागू आहे, तिच्यात प्रौढांमधल्या परस्परसंमतीच्या अशा निव्वळ आवडींना विकार मानलेलं नाही. त्या सूचीत राहिला तो संमती नसलेल्या माणसाला यातना देण्याचा विकार. वैद्यकशास्त्राने रेघ ओढली ती संमतीपाशी. वेदना किती झाली यावर ती ओढलेली नाही.

आता एक उदाहरण घेऊ. जोडपं काल्पनिक आहे, पण त्यांच्यातलं संभाषण ज्या क्रमाने जातं तो क्रम खरा आहे. दोघंही तिशीतली, लग्नाला चार वर्षं झालेली. हात बांधले जावेत असं तिला फार दिवसांपासून वाटत होतं. एका रविवारी दुपारी, चहा पिताना, तिने ते सांगितलं. वेळ दुपारची होती हे महत्त्वाचं. अंथरुणात, ऐन वेळी असा विषय काढला की समोरच्याला विचार करायला जागा मिळत नाही. मिळालेला होकार उत्साहाचा आहे की संकोचाचा, ते दोघांनाही कळत नाही.

तो म्हणाला, “अगं, पण मला तुला दुखवायचं नाहीये.”

ती म्हणाली, “दुखवायचं नाहीचे मुळी. मला फक्त काही वेळ काहीच ठरवायचं नसतं, असं वाटतं.”

इथे पहिली गाठ सुटली. ‘हात बांध’ हे वाक्य त्याला हिंसेचं वाटलं होतं, तिच्या मनात ते निवांतपणाचं होतं. यालाच या क्षेत्रातले लोक निगोशिएशन म्हणतात. मी त्याला बोलणी म्हणतो, कारण लग्नाआधी आपल्याकडे बोलणी होतात, याद्या होतात. कुणी काय करायचं हे आधी ठरतं, म्हणजे मांडवात वाद नकोत. या दोघांनीही यादी केली. तीन रकाने: हो, नाही आणि ‘बघू, पण आधी विचार’. दोघांनी आपापली यादी वेगवेगळी लिहिली आणि मग समोरासमोर ठेवली. एकत्र बसून लिहिलं असतं तर एकाच्या चेहऱ्याकडे पाहून दुसऱ्याने रकाना बदलला असता.

तिच्या ‘हो’मध्ये होतं मनगटं बांधणं आणि डोळ्यांवर पट्टी. ‘नाही’मध्ये होतं तोंडावर काहीही बांधणं, गळ्याला हात लावणं, शिव्या आणि फोटो. त्याच्या ‘नाही’मध्येही दोन गोष्टी होत्या: मारणं नको, आणि ‘जबरदस्ती करतोय’ असं नाटक नको. करणाऱ्यालाही नकार असतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. तो पुरुष आहे, त्याला सगळं चालणारच, असं गृहीत धरणं हीसुद्धा संमती डावलणंच आहे.

मग शरीराची चौकशी झाली. तिचा उजवा खांदा एकदा निखळला होता, म्हणून हात डोक्यावर किंवा पाठीमागे बांधायचे नाहीत, पुढेच बांधायचे, असं ठरलं. दमा आहे का, फिट येते का, कुठली औषधं चालू आहेत, अंधाराची किंवा कोंडून घेतल्याची भीती वाटते का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. दारू प्यायची नाही, हेही ठरलं. वेळ ठरली वीस मिनिटांची. शेवटी नियम ठरला: त्या वीस मिनिटांत यादीतलं काही गाळता येईल, नवीन काही घालता येणार नाही. हा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. अशा वेळी शरीरात उत्तेजना चढलेली असते, माणूस थोडा तंद्रीत जातो, आणि त्या तंद्रीत दिलेला होकार सकाळी आपला वाटेलच असं नाही. नवं काही सुचलं तर ते पुढच्या वेळच्या यादीत जातं.

सेफ वर्ड म्हणून तिने आधी ‘कोथिंबीर’ सुचवला, कारण तो शब्द अशा वेळी चुकून तोंडी येणार नाही. तत्त्व बरोबर होतं, पण धाप लागलेली असताना चार अक्षरी शब्द जड जातो, आणि घाबरलेल्या माणसाला तो आठवतही नाही. म्हणून त्यांनी सिग्नलचे रंग घेतले. जगभर हीच पद्धत सर्वांत रुळली आहे. लाल म्हणजे सगळं ताबडतोब बंद. पिवळा म्हणजे थांब, काहीतरी बदलायला हवंय, पण खेळ संपलेला नाही. हिरवा म्हणजे छान चाललंय. पिवळ्याचा उपयोग लोकांना नीट कळत नाही. नुसता एकच थांबवणारा शब्द असेल तर माणूस तो वापरायला कचरतो. एवढ्याशा गोष्टीसाठी सगळं कशाला मोडायचं, असं त्याला वाटतं आणि तो सहन करत राहतो. पिवळा त्या सहन करण्याला पर्याय देतो. शिवाय ज्या खेळात तोंड झाकलेलं असतं किंवा बोलणं शक्य नसतं, तिथे मुठीत चेंडू किंवा किल्ल्यांचा जुडगा देतात. तो खाली पडला की लाल.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी अनुभवी लोक नवख्यांना आवर्जून सांगतात. पहिल्याच वेळी, काहीही बिनसलेलं नसताना, तिने मुद्दाम ‘लाल’ म्हणून पाहिलं. तो थांबला, ओढणी सोडली, पाणी दिलं. ‘का?’ असं विचारलं नाही, तोंड पाडलं नाही. लाल म्हटल्यावर कारण द्यावं लागत नाही. ज्या घरात लाल म्हटल्यावर रुसवा होतो, त्या घरात पुढच्या वेळी लाल म्हटला जात नाही.

खरा पिवळा आला तो दुसऱ्या वेळी. बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, “पिवळा. अंगठ्याला मुंग्या येताहेत.” मनगटाच्या आणि दंडाच्या काही भागांत मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातात. त्यांच्यावर दाब पडला की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो, आणि दाब तसाच राहिला तर हात मनगटातून लुळा पडू शकतो. तो पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने जातात. मुंग्या म्हणजे धोक्याची सूचना, ‘थोडं सहन कर’ असं म्हणण्याची जागा नव्हे. बांधलेल्या कापडाखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत, पण ती पहिल्या मिनिटाला सरकली म्हणून बाराव्या मिनिटाला सरकतील असं नाही. माणूस हलतं आणि गाठ आवळत जाते. ओढणी पातळ होती, तिची दोरी झाली होती आणि गाठ ओढल्यावर घट्ट होणारी होती. त्याने ती सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना, तेव्हा उशाशी ठेवलेली बोथट टोकाची कात्री घेतली आणि कापली. ड्रेसिंग करताना वापरतात तशी कात्री औषधांच्या दुकानात मिळते. बांधायचं असेल तर ती हाताशी हवीच, आणि बांधलेल्या माणसाला क्षणभरही एकटं सोडून जायचं नाही, दाराची बेल वाजली तरी.

सेफ वर्डची मर्यादाही इथेच सांगायला हवी. तो वापरायला माणूस शुद्धीवर हवा, त्याला बोलता यायला हवं आणि काय होतंय ते त्याला कळायला हवं. गळा दाबण्याच्या प्रकारात या तिन्ही गोष्टी एकदम जातात. मेंदूकडे जाणारं रक्त थांबलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते. शब्द घशात अडकतो आणि हातातला चेंडू सुटेपर्यंत उशीर झालेला असतो. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा झाली तर काही तासांनी किंवा दिवसांनी पक्षाघात होऊ शकतो, आणि बाहेर वळही दिसत नाही. इंटरनेटवरच्या चित्रफितींमुळे तरुण मुलांना हा प्रकार नेहमीचा वाटू लागला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: गळा दाबण्याची सुरक्षित पद्धत नाही. कुणाच्या बाबतीत ते घडलं असेल आणि नंतर आवाज बसला, गिळताना दुखलं, डोकं दुखू लागलं किंवा दिसण्यात फरक पडला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन गळा दाबला गेल्याचं डॉक्टरांना सांगावं.

खेळ संपला की लगेच उठून फोन बघायचा नसतो. शरीरातली उत्तेजना उतरताना काहींना थंडी वाजते, रडू येतं. अंगावर पांघरूण, पाणी, जवळ बसणं एवढं पुरतं. याला आफ्टरकेअर म्हणतात. उदासी एखाद्या दिवसाने येते असंही होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायचं. या दोघांच्या त्या बोलण्यात निघालं की डोळ्यांवरची पट्टी तिला आवडलीच नव्हती. तो कुठे आहे ते न कळल्याने ती घाबरली होती, पण ‘हो’च्या रकान्यात लिहिलं होतं म्हणून बोलली नाही. पट्टी ‘नाही’मध्ये गेली. त्याने त्या दिवसापासून दर काही मिनिटांनी ‘रंग कुठला?’ असं विचारायला सुरुवात केली. उत्तर आलं नाही तर ते हिरवं धरायचं नाही, थांबायचं.

आता हेच सगळं सामान घेऊन दुसऱ्या घरात जाऊ. इथेही ओढणी आहे, इथेही सेफ वर्ड ठरलेला आहे. नवऱ्याने वाचलंय, त्याला शब्द माहीत आहेत. पण बोलणी भांडणानंतर झाली, तिने माहेरी जायचा विषय काढला त्या रात्री. तिने ‘लाल’ म्हटलं तेव्हा तो अर्धं मिनिट थांबला नाही, मग म्हणाला, “अगं, आता कुठे सुरू झालंय.” पुढच्या वेळी म्हणाला, खरं प्रेम असेल तर शब्दाची गरज काय? तिने नाही म्हटलं की दोन दिवस अबोला. त्याच्या फोनमध्ये तिचे फोटो आहेत, आणि ते आहेत याची तो अधूनमधून आठवण करून देतो. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन घरांतल्या मनगटांवरचे वळ सारखेच दिसतील. म्हणून वळ पाहून निवाडा करता येत नाही, आणि सेफ वर्ड ठरलाय एवढ्यावरूनही करता येत नाही. शब्द उच्चारल्यावर काय झालं, हे पाहावं लागतं.

मी आणखी एक पाऊल मागे जाऊन पाहीन. या घरात तिचे साधे नकार चालतात का? आज स्वयंपाक नको म्हटलं तर, पगार माझ्याच खात्यात राहील म्हटलं तर, मैत्रिणीकडे जाते म्हटलं तर काय होतं? जिथे पोळ्या न केल्याची किंमत मोजावी लागते, तिथे अंथरुणातल्या होकाराला होकार म्हणता येत नाही. सासरचं छप्पर सोडलं तर जायला दुसरी जागा नाही, अशा बाईचं ‘हो’ तपासून घ्यावं लागतं, आणि ते तपासण्याची जबाबदारी जास्त बळ असलेल्याची आहे. पुरुषांवरही असा अत्याचार होतो, दोन स्त्रियांच्या किंवा दोन पुरुषांच्या नात्यातही होतो, कसोटी तीच. रागाच्या भरात, धडा शिकवण्यासाठी जे केलं जातं, ते कितीही ओळखीच्या वस्तूंनी केलं तरी किंक नव्हे.

कायदा काय म्हणतो? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 25 सांगतं की अठरा वर्षांवरच्या व्यक्तीने संमती दिली असेल, आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू नसेल, तशी शक्यता ठाऊक नसेल, तर झालेल्या इजेबद्दल गुन्हा होत नाही. कायद्यातच उदाहरण आहे ते मौजेखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं. पण गंभीर दुखापतीला ही मोकळीक नाही, आणि गंभीर दुखापतीच्या व्याख्येत हाड मोडणं येतं, डोळ्याची दृष्टी कायमची जाणं येतं. नरदेवाची नर्तकी ‘हो’ म्हणाली होती असं धरलं, तरी आपला प्रहार धोक्याचा आहे हे ठाऊक असलेल्या सेनापतीला आज त्या होकाराच्या आड लपता आलं नसतं. कलम 28 त्याच्याही पुढे जातं: भीतीपोटी, गैरसमजातून किंवा काय होतंय हे न कळण्याइतक्या नशेत दिलेली संमती ही संमतीच नाही, समोरच्याला ते माहीत असेल किंवा माहीत असायला हवं असेल तर. बलात्काराच्या कलम 63 मध्ये संमतीची व्याख्या स्वच्छ शब्दांत आहे: स्वेच्छेने, निःसंदिग्धपणे, शब्दांनी किंवा खुणेने त्या विशिष्ट कृतीला दिलेला होकार, आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून होकार गृहीत धरता येत नाही. त्याच कलमात अठरा वर्षांवरील पत्नीशी नवऱ्याने केलेला संबंध अपवाद म्हणून वगळलेला आहे, ही बाब मला लाजिरवाणी वाटते. त्यातून बाईसाठी उरणारी एक वाट म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा. त्यात लैंगिक छळ हा हिंसाचाराचाच एक प्रकार म्हणून स्पष्ट नोंदवलेला आहे, आणि नवराही त्यातून सुटत नाही.

दुसऱ्या घरातल्या बाईला ‘तूही तेव्हा हो म्हणाली होतीस ना’ हे वाक्य ऐकवलं जाईल, नवऱ्याकडून, कदाचित पोलीस ठाण्यातही. तिने लाल म्हटल्यानंतर जे झालं, ते तिच्या आधीच्या होकारात येत नाही. मारहाण झाली असेल तर वळ जायच्या आत सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी, धमकीचे संदेश पुसू नयेत, फोटो पसरवण्याची धमकी असेल तर तीही नोंदवावी. चित्रणाला संमती दिली होती पण पसरवायला दिली नव्हती, तर पसरवणं हा कलम 77 प्रमाणे वेगळा गुन्हा आहे. तातडीसाठी 112, आणि महिलांसाठी 181. या क्रमांकावर फोन केल्यावर किंक हा शब्द वापरायची गरज नाही. ‘मी थांब म्हटलं आणि तो थांबला नाही’ एवढं सांगितलं तरी चालतं.